ब्लॅक बुक उद्यापासून

मुंबईतल्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट अहवालाला मुलं ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. काळी पुठ्ठाबांधणी आणि वर सोनेरी अक्षरं, म्हणून हे नाव. विषय पावसाळ्यातच ठरलेला असतो, सादर करायचा असतो उन्हाळ्याच्या तोंडावर. मधले सहा-सात महिने बहुतेकांच्या फायलीत मुखपृष्ठ, आभार आणि अनुक्रमणिका एवढंच असतं. मग शेवटच्या आठवड्यात कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे रात्री दहापर्यंत रांग लागते आणि घरी आई विचारते, “इतके दिवस काय करत होतास?”

या प्रश्नात एक गृहीत धरलेलं असतं: मुलगा आळशी आहे, किंवा त्याला वेळेचं नियोजन जमत नाही. पण हाच मुलगा गणेशोत्सवात मंडळाची वर्गणी, मांडव, ढोल-ताशा सगळं वेळेत पार पाडतो. अडतं ते या एकाच कामापाशी. चालढकलीचा अभ्यास करणारे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल आणि त्यांच्या सहकारी फ्युशिया सिरॉइस यांचं म्हणणं असं, की टाळाटाळ हा घड्याळाचा नसून मनःस्थितीचा प्रश्न आहे. फाइल उघडली की पोटात काहीतरी होतं. विषय नीट कळलेला नसतो, किंवा सर काय म्हणतील याची धास्ती असते, किंवा कामच कंटाळवाणं असतं. फाइल बंद केली की ते अस्वस्थ वाटणं लगेच थांबतं. ही सुटका हेच बक्षीस. ते दर वेळी मिळत गेलं की फाइल बंद करायची सवयच लागते, आणि ‘उद्यापासून’ म्हणताना मन खरोखर हलकं होतं.

त्या हलकेपणाची किंमत नंतर मोजावी लागते. डायॅन टाइस आणि रॉय बॉमाइस्टर या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे अख्खं सत्र लक्ष ठेवलं. 1997मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसतं, की सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारी मुलं इतरांपेक्षा निवांत होती, त्यांची दुखणीखुपणीही कमी होती. सत्र संपत आलं तेव्हा चित्र उलटलं. ताण आणि आजारपण त्यांच्याच वाट्याला जास्त आलं, गुणही कमी पडले. ‘मला प्रेशरखालीच चांगलं सुचतं’ हे वाक्य प्रत्येक हॉस्टेलात ऐकू येतं. या निबंधातली गुणपत्रिका त्याला दुजोरा देत नाही.

म्हणूनच रंगीत स्केचपेनांनी आखलेलं टाइमटेबल बहुधा चालत नाही. ते आखण्यात एक संध्याकाळ मजेत जाते, काम केल्याचं समाधान मिळतं आणि फाइल बंदच राहते. माझ्या मते हीदेखील टाळाटाळच, फक्त नीटनेटकी.

शिवाय टाइमटेबलातला अंदाजच चुकलेला असतो. कॅनडातल्या रॉजर ब्युलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, काम किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. ‘सगळंच बिनसलं तर?’ यावर सुमारे 49 दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी 55च्या वर. म्हणजे मुलांनी कल्पिलेल्या सर्वांत वाईट परिस्थितीपेक्षाही प्रत्यक्षात जास्त वेळ गेला. अंदाज करताना आपण डोळ्यांसमोर हे काम आणतो; मागच्या वेळी किती दिवस लागले होते, ते आठवत नाही.

आता एक प्रोजेक्ट धरून हिशेब करू. समजा बीएमएसची एक विद्यार्थिनी आहे. तिचा विषय: आपल्या भागातल्या किराणा दुकानांत यूपीआयचा वापर. अहवालाची पाच प्रकरणं, सादर करायची तारीख 15 मार्च. तिचा हिशेब असा, की एका प्रकरणाला तीन दिवस, म्हणजे एकूण पंधरा. फेब्रुवारी संपताना बसलं तरी चालेल.

हाच हिशेब शेवटाकडून करायचा. छपाई आणि बांधणीला 13 आणि 14 मार्च गेले. गाइड मॅडमना वाचायला आणि त्यांच्या दुरुस्त्या करायला एक आठवडा धरला, तर पूर्ण मसुदा 5 मार्चला त्यांच्या हातात हवा. आता लिहिण्याचे पंधरा दिवस. मागच्या सत्रातली असाइनमेंट तिला दोन संध्याकाळींची वाटली होती आणि लागल्या होत्या तीन किंवा चार, हे तिने प्रामाणिकपणे आठवावं. ब्युलरच्या आकड्यांतही अंदाज आणि वास्तव यांचं प्रमाण सुमारे 1 ला 1.6 पडतं. त्या हिशेबाने पंधराचे चोवीस दिवस होतात. 4 मार्चपासून चोवीस दिवस मागे मोजले की तारीख येते 9 फेब्रुवारी. दुकानदारांकडून प्रश्नावल्या भरून घेणं त्याच्याही आधी उरकायला हवं, कारण दुकानदार गिऱ्हाइकाच्या गर्दीत फॉर्म भरत नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमारास जावं लागतं.

तारीख ठरली, तरी 9 फेब्रुवारीला पोटात होणारं ते ‘काहीतरी’ होणारच आहे. वहीत ‘प्रकरण 2 लिहिणे’ असं लिहिलं, तर नेमकं कुठून सुरू करायचं हे मनाला कळत नाही, आणि हात मोबाइलकडे जातो. त्याऐवजी असं लिहावं: ‘साडेसहाला चहा झाला की लायब्ररीतून आणलेल्या पहिल्या लेखातले तीन मुद्दे माझ्या शब्दांत, चांगलं-वाईट न बघता.’ वेळ, आधीची घटना आणि हाताने करायची कृती ठरलेली असली, की बसल्यावर निर्णय घ्यायचा उरत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी अशा ‘अमुक झालं की तमुक करीन’ पद्धतीच्या ठरावांवर बरंच काम केलं आहे. नुसत्या इराद्यापेक्षा ते जास्त पाळले जातात.

कशामुळे अडलं आहे, हेही ओळखावं लागतं, कारण उपाय त्यावर ठरतो. मुद्दाच कळला नसेल, तर दोन तास खुर्चीत बसून उपयोग नाही. मॅडमना किंवा वर्गातल्या कुणाला प्रश्न विचारणं हेच त्या दिवशीचं काम. धास्ती असेल, तर कच्चं प्रकरण लवकर दाखवून टाकावं, लाल शेरे पाचव्या मार्चपेक्षा फेब्रुवारीत बरे. नुसताच कंटाळा असेल, उदाहरणार्थ प्रश्नावल्यांचे आकडे एक्सेलमध्ये भरणं, तर मैत्रिणीसोबत बसून वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे पाडावेत आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. खिशात नको.

एवढं करूनही तीन-चार दिवस बुडतात. तेव्हा मुलं स्वतःला शिव्या घालतात, आणि फाइलशी आणखी एक नकोशी भावना जोडली जाते. ओटावातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांवर झालेल्या, 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं आढळलं, की पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. त्यामुळे बुडालेले दिवस भरून काढायला एका रात्रीत तीन प्रकरणांचा संकल्प सोडू नये. आज प्रकरण 3 असायला हवं होतं आणि 2 चालू आहे, तर उरलेल्या दिवसांत ते पुन्हा वाटावं. गरज पडली तर प्रश्नावल्यांची संख्या कमी करायची परवानगी गाइडकडे आताच मागावी.

हे सगळं ज्या मुलाचं फक्त अभ्यासाशी बिनसलं आहे त्याच्यासाठी. क्रिकेट, मित्र, आवडतं जेवण हेही दोन-दोन आठवडे नकोसं झालं असेल, झोप उडाली असेल, किंवा लहानपणापासून कुठल्याच कामात लक्ष टिकत नसेल, तर प्रश्न ब्लॅक बुकचा नाही. तिथे नैराश्य किंवा अवधानाची अडचण असू शकते आणि ती तपासून घ्यावी लागते. कॉलेजात समुपदेशक असेल तर त्यांच्याकडे जावं. नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.