तीन सुरांचा कंदील

नोव्हेंबरची 11 तारीख. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरात या दिवसांत संध्याकाळचे पाच वाजायच्या आतच सूर्य मावळतो. अशा गडद अंधारात बालवाडीतली चिल्लीपिल्ली काठीला कागदी कंदील अडकवून रस्त्यावर निघतात. हा संत मार्टिनचा दिवस. कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यानं आपला झगा अर्धा कापून दिला, अशी गोष्ट तिथल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. मिरवणूक म्हटली की गाणी आलीच. त्यातलं कंदिलाचं एक गाणं जर्मनीभर गायलं जातं, आणि ते जवळजवळ सगळंच्या सगळं फक्त तीन सुरांत फिरतं!

खरं वाटत नाही? घरात पेटी असेल तर पांढरी एकला सा धरा आणि प, ध, प, ग असं वाजवून बघा. कंदिलाचं गाणं याच तीन सुरांच्या अंगणात हुंदडतं. आता पट्ट्या मोजू या. ग पासून ध पर्यंत काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून चाललात, तर पाच पावलं होतात. सा पासून वरच्या सा पर्यंत बारा पावलं असतात. म्हणजे सप्तकाचा अर्धा भागसुद्धा वापरला नाही.

हा काही कंजूषपणा नव्हे. तीन-चार वर्षांच्या मुलाचा गळा थोड्याच सुरांत आरामात फिरतो. सूर त्याच्यापलीकडे गेला की काय होतं, ते कुठल्याही स्नेहसंमेलनात ऐका: काही जण किंचाळतात, काही नुसते बोलायला लागतात, आणि बाकीचे आपापल्या सोयीचा सूर धरून पुढे जातात. त्यातून ही पोरं चालत असतात, एका हातानं कंदील सांभाळत असतात. अवघड वळणाचं गाणं अशा वेळी टिकणार कसं? शिवाय ही गाणी मुलं वहीतून शिकत नाहीत, मोठ्या मुलांकडून ऐकून शिकतात. जे चटकन उचलता येत नाही ते गळून जातं. म्हणूनच तीच ओळ पुन्हा पुन्हा येते. आपल्या भोंडल्यात नाही का, एकच शब्द बदलत बदलत गाणं लांबत जातं आणि कालच आलेली पाहुणी मैत्रीणसुद्धा तिसऱ्या फेरीला सूर धरते!

जगातली सगळी मुलं याच तीन सुरांत गातात, असंही काही जणांनी सांगून टाकलं होतं. ते काही खरं नाही. सूर जागोजागी बदलतात. थोडक्या सुरांत फिरायची आणि ओळी घोळवायची सवय मात्र फार ठिकाणी सापडते.

आता अंगाईकडे वळू. योहानेस ब्राम्स हे मोठे संगीतकार 1866 साली काही काळ कार्ल्सरूहेला राहिले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांनी आपली जगप्रसिद्ध अंगाई रचली. तिच्या पहिल्या कडव्याचे शब्द जवळच्याच हायडेलबर्गमध्ये 1808 साली छापलेल्या लोकगीतांच्या संग्रहातले. शब्द लोकांचे, चाल संगीतकाराची. आणि चाल कशी, तर मध्येच खालच्या सा वरून थेट वरच्या सा वर उडी! पूर्ण बारा पावलं, एका दमात. अंगाई आई गाते, बाळ नुसतं ऐकतं. म्हणून ही उडी खपते. ती कंदिलाच्या गाण्यात घातली, तर मिरवणूक तिथंच अडखळेल.

अंगाई कुठलीही असो, बहुधा संथ असते आणि घोळवून घोळवून म्हटलेली असते. ती परक्या भाषेतली असली तरी ओळखू येते का? 2018 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात 60 देशांतल्या 750 माणसांना जगाच्या कानाकोपऱ्यांतल्या गाण्यांचे 14 सेकंदांचे तुकडे ऐकवले होते. शब्द कळत नसूनही अंगाई कुठली आणि नाचाचं गाणं कुठलं, हे त्यांनी बऱ्यापैकी ओळखलं. प्रेमगीतं मात्र ओळखता आली नाहीत!

पण मोठ्यांनी आयुष्यभर गाणी ऐकलेली असतात. मग संशोधक बाळांकडेच गेले. अमेरिकेतल्या 144 तान्ह्या बाळांना त्यांनी कधीच न ऐकलेल्या भाषांतली गाणी ऐकवली. काही अंगाई, काही दुसरीच. पडद्यावर कार्टूनची पात्रं ती गाणी म्हणत होती. बाळाला आवडलं का, हे त्याला विचारता येत नाही. म्हणून त्याच्या हृदयाचे ठोके मोजले, डोळ्यांतल्या बाहुल्या किती मोठ्या होतात ते पाहिलं आणि कातडीवरच्या घामाचाही अंदाज घेतला. अंगाई सुरू असताना ठोके जास्त मंदावले आणि बाहुल्याही लहान राहिल्या. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, आणि गाणारी आई तर समोर नव्हतीच.