सर, पंधरा दिवसांतून अर्धा तास मिळेल?

"सर, मला जरा गाइड करत जा ना." कारखान्यात, बँकेत, सरकारी कचेरीत हे वाक्य रोज कुठे ना कुठे बोललं जातं. उत्तरही बहुतेक ठरलेलं असतं, "हो, ये ना केव्हाही!" दोघांपैकी कुणाच्याही मनात खोट नसते, तरी पुढे सहसा काही घडत नाही. विचारणाऱ्याला नेमकं काय हवंय हे सरांना कळलेलं नसतं, आणि आपण किती वेळाला होकार दिला हेही त्यांना माहीत नसतं. 'केव्हाही' हा शब्द कुठल्याच डायरीत लिहिता येत नाही.

विचारायलाच संकोच वाटतो, ही त्याआधीची अडचण. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या अभ्यासकांनी २००८ साली या संकोचावर संशोधन प्रसिद्ध केलं. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणायच्या होत्या. त्यासाठी किती जणांना विचारावं लागेल, असा अंदाज आधी घेतला, तो सरासरी वीसच्या आसपास आला. प्रत्यक्षात दहाएक जणांना विचारल्यावर काम झालं. मदत मागणारा समोरच्याला होणारा त्रास मोजत बसतो, पण तोंडावर 'नाही' म्हणणं समोरच्यालाही किती जड जातं, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

या निष्कर्षाची दुसरी बाजू आपल्याकडच्या ऑफिसांत जास्त महत्त्वाची आहे. नाही म्हणणं अवघड असतं म्हणून दिलेला होकार मनापासूनचा असेलच असं नाही. म्हणून मागणी अशी हवी की वरिष्ठाला ती पेलेल का हे लगेच ठरवता यावं, आणि पेलणार नसेल तर अवघडल्याशिवाय नकार देता यावा. ठरावीक उद्दिष्ट आणि थोडा, मोजलेला वेळ यांचा खरा उपयोग तिथे आहे.

चाकणच्या पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या मध्यम कारखान्यातली तरुण क्वालिटी इंजिनिअर डोळ्यांसमोर आणू. तीन वर्षांची नोकरी झालेली. ग्राहक कंपनीकडून तक्रार आली की तिला 'एट-डी' अहवाल लिहावा लागतो. फोर्ड कंपनीने १९८७ साली पुस्तिकेच्या रूपात मांडलेली ही आठ पायऱ्यांची पद्धत आज वाहन उद्योगात सर्वत्र रुळली आहे. चमू जमवायचा, दोष नेमका लिहून काढायचा, सदोष माल तातडीने अडवायचा, मूळ कारण शोधायचं, मग उपाय ठरवून तो लागू झाल्याची खात्री करायची, अशी ती पुढे सरकते. आपल्या इंजिनिअरचे अहवाल बहुतेक वेळा चौथ्या पायरीवर अडकतात. 'मूळ कारण पटत नाही' असा शेरा घेऊन ते ग्राहकाकडून परत येतात.

तिने कुणाला विचारावं? पहिलं नाव साहजिकच तिच्या थेट साहेबांचं सुचतं, पण ते टाळलेलं बरं. वर्षाअखेरीचं मूल्यमापन ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासमोर 'मला हे जमत नाही' असं कोण मोकळेपणाने बोलेल? कारखान्याच्या प्रमुखांकडे जाण्यातही फारसा अर्थ नाही, कारण त्यांनी स्वतः असा अहवाल लिहून बरीच वर्षं झाली असतील. योग्य माणूस बहुधा शेजारच्या विभागात सापडतो. प्रॉडक्शन इंजिनिअरिंगमधले दोन पायऱ्या वरचे असे एक वरिष्ठ, जे ग्राहकाच्या बैठकांना जातात आणि ज्यांचे अहवाल सहसा परत येत नाहीत. फक्त त्यांच्याकडे जाण्यापूर्वी तिने आपल्या साहेबांच्या कानावर घालावं, "एट-डी सुधारायचे आहेत, त्यासाठी त्यांच्याकडे अधूनमधून बसू का?" हे राहिलं तर बाईसाहेब आपल्याला डावलून परस्पर दुसरीकडे जातात, असा समज व्हायला वेळ लागत नाही.

मग प्रत्यक्ष विचारणं. ते जेवणाच्या रांगेत किंवा सगळ्यांसमोर नको, आणि महिनाअखेरीला तर नकोच. त्या दिवसांत माल रवाना करण्याच्या घाईत कुणाचंच लक्ष ठिकाणावर नसतं. दहाबारा तारखेला, त्यांच्या टेबलापाशी, काहीसं असं:

"सर, गेल्या सहा महिन्यांत माझे दोन एट-डी परत आले. दोन्ही वेळा मूळ कारणावर. तीन महिन्यांत ग्राहकाने पहिल्याच फेरीत स्वीकारावा असा अहवाल मला स्वतःहून लिहिता यायला हवा. तुमच्याकडून पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास मिळेल का? सहा वेळा बसू आणि थांबू. तयारी सगळी माझी. दोन्ही अहवाल तुम्हाला पाठवून ठेवते. आत्ता वेळ नसेल तर तसं सांगा, आणखी कुणाला विचारू तेवढं सुचवा."

सहा वेळा अर्धा तास म्हणजे तीन महिन्यांत एकूण तीन तास. कितीही व्यग्र माणसाला हा आकडा तोलून पाहता येतो. 'आत्मविश्वास वाढवायचाय' किंवा 'करिअरमध्ये पुढे जायचंय' ही उद्दिष्टं खोटी नाहीत, पण ती गाठली की नाहीत हे कुणालाच सांगता येत नाही. अहवाल परत आला की नाही, हे मात्र दोघांनाही दिसतं. शेवटचं वाक्यही काढून टाकू नये. नकाराची वाट मोकळी ठेवल्याने मिळालेल्या होकाराला वजन येतं. त्यातूनही "बघू, ये केव्हाही" असंच उत्तर आलं, तर "येत्या गुरुवारी चार वाजता आले तर चालेल?" एवढं विचारावं. तारीख ठरली तर होकार खरा, दोनतीनदा नुसतीच पुढे गेली तर तो सभ्य नकार समजून दुसरं दार ठोठवावं.

आता बैठकीत काय होतं ते पाहू, कारण मागणीचा कस तिथे लागतो. तिचा परत आलेला एक अहवाल ब्रॅकेटचा आहे. त्यावर वेल्ड करून बसवायचा नट काही भागांवर नव्हताच, आणि ते भाग थेट ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर पोचले. तिने मूळ कारण लिहिलं, 'ऑपरेटरचं दुर्लक्ष', आणि उपाय, 'ऑपरेटरला प्रशिक्षण दिलं'. अशा उत्तराने कुठलाही जाणता ग्राहक समाधानी होत नाही, कारण उद्या त्या जागी दुसरा ऑपरेटर आला की दोष पुन्हा येणारच.

वरिष्ठ तिला उत्तर सांगत नाहीत, दोन प्रश्न विचारतात. नट ठेवलेला नसताना मशीनने वेल्डची फेरी पूर्ण कशी केली? आणि नट नसलेला भाग तपासणीतून सुटला कसा? दोष घडण्याचं कारण एक आणि तो न सापडण्याचं कारण दुसरं, हे वेगवेगळं शोधायचं असतं, आणि तिने दुसऱ्याचा विचारच केलेला नव्हता. ती लाइनवर जाऊन पाहते तेव्हा मशीनवर नट ओळखणारा सेन्सर नाही, आणि तपासणीच्या फिक्स्चरमध्ये त्या जागी पिनच नाही असं आढळतं. निरीक्षक नुसत्या नजरेने शेकडो भाग बघत होता. पुढच्या बैठकीला ती दोन्ही उपाय घेऊन येते, तर तिसरा प्रश्न तयार असतो, "ते चालतात हे कशावरून?" मग नट नसलेला भाग मुद्दाम फिक्स्चरमध्ये बसवून तो अडतो का हे पाहायचं, त्याचा फोटो अहवालाला जोडायचा. ही सवय कुठल्याही प्रशिक्षणवर्गाच्या सरकचित्रांपेक्षा अशा बसण्यातून जास्त पक्की लागते.

बैठकीच्या आदल्या दिवशी तिने चारपाच ओळी पाठवाव्यात. मागच्या वेळी ठरलेलं काय केलं, कुठे अडलं, उद्या कशावर बोलायचं. वरिष्ठाने विषय आठवत बसायचं, वेळ शोधायची, आठवण करायची, असं सुरू झालं की तीन तासांचे तेरा कधी होतात कळत नाही, आणि त्यांचा उत्साह आटतो. तरुण मुलगी आणि पुरुष वरिष्ठ असतील तर काचेच्या भिंतींच्या मीटिंगरूममध्ये, ऑफिसच्या वेळेत बसणं दोघांनाही सोयीचं. कुजबुज होण्याआधीच ती थांबते.

बिघडतं कुठे, तर बरेचदा तिसऱ्या बैठकीच्या आसपास. पहिला उत्साह ओसरलेला असतो, हातात दाखवण्यासारखं काही नसतं आणि गप्पा हळूहळू साहेबांच्या तक्रारींकडे वळतात. अशा गप्पांनी मन हलकं होतं हे खरं, पण दुसऱ्या विभागातल्या वरिष्ठाला त्यामुळे नको त्या पेचात पडावं लागतं. दुसरी घसरण म्हणजे मधेच "सर, माझ्या प्रमोशनसाठी शब्द टाका ना" असं म्हणणं. शब्द टाकणं हे वेगळं काम आहे. त्यात वरिष्ठाची स्वतःची पत पणाला लागते, आणि ती त्याने तीन तासांच्या करारात देऊ केलेली नव्हती. सगळं नीट चाललंय का, हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक बैठकीनंतर तिच्या कामात काहीतरी बदललं पाहिजे. लागोपाठ दोन बैठका तशाच गेल्या तर उद्दिष्ट बदलावं किंवा सरळ आभार मानून थांबावं.

सहा बैठका म्हणजे मार्गदर्शन नव्हेच, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकी अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी १९८३ साली नोकरीतल्या अशा अठरा जोड्यांचा अभ्यास मांडला. त्यात नात्याची नुसती सुरुवातच सहा महिने ते वर्षभर चाललेली दिसली, आणि त्यानंतरचा बहराचा काळ दोन ते पाच वर्षांचा. धीर देणं, आपलंसं करणं, अवघड प्रसंगी पाठीशी उभं राहणं हे त्या काळात येतं, आणि ते मागून मिळत नाही. पण म्हणूनच पहिल्या दिवशी 'माझे मेंटॉर व्हाल का' असं विचारणं अवघड होऊन बसतं. त्यात पाच वर्षांचा होकार आजच मागितलेला असतो. तीन तासांची मागणी त्या नात्याला आडकाठी करत नाही. दोघांचं जमतंय का, हे तिच्यात कळतं, आणि जमलं नाही तरी कुणाला काही तुटल्यासारखं वाटत नाही.

सहाव्या बैठकीला ती नवा अहवाल घेऊन येते. ग्राहकाने तो पहिल्या फेरीत स्वीकारला असेल किंवा एखादी शंका काढून परत पाठवला असेल. काहीही झालं तरी ठरल्याप्रमाणे थांबण्याचा विषय तिनेच काढायला हवा, त्यांना काढायला लावू नये. काही वरिष्ठ म्हणतात, "आणखी तीन महिने बसू, आता कंट्रोल प्लॅन घेऊ." काही म्हणतात, "माझ्याकडचं संपलं. फिक्स्चरचं शिकायचं असेल तर टूलरूमला जा, त्यांना मी सांगून ठेवतो." दुसरं उत्तर ऐकून तिने खट्टू होऊ नये. ज्या टूलरूममध्ये ओळखीशिवाय तिला कुणी पाच मिनिटं दिली नसती, तिथे तिला आता नावाने विचारून घेतील, आणि तिथल्या माणसाकडे काय मागायचं, किती वेळ मागायचा, हे तिला आधीच ठाऊक असेल.