आपल्या घराची महागाई किती?

ऑक्टोबर 2025चा किरकोळ महागाईचा सरकारी आकडा आला तेव्हा अनेकांनी तो दोनदा वाचला असेल. 0.25 टक्के. 2012 हे पायाभूत वर्ष धरून चालू झालेल्या मालिकेतला हा सर्वांत कमी दर होता. खाद्यपदार्थांचे भाव तर वर्षभरात सरासरी पाच टक्क्यांनी उतरले, असे त्यात म्हटले होते. इकडे वाण्याच्या दुकानात तेलाची पिशवी घेताना हात आखडत होता आणि नारळाचा भाव ऐकून गिऱ्हाईक पुढे सरकत होते. मग आकडा खोटा की आपला अनुभव? दोन्ही खरे असू शकतात, आणि ते कसे हे घरच्या पावत्यांवरून तपासता येते. हिशेब फारसा अवघड नाही, पण त्यात एक खाच आहे आणि बहुतेक जण तिथेच अडकतात.

आधी सरकारी आकड्याविषयी थोडे. 2012च्या मालिकेसाठी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची माणसे दर महिन्याला 1,114 शहरी बाजारांतून आणि 1,181 खेड्यांतून भाव गोळा करत. सरासरी कुटुंब कशावर किती खर्च करते हे पाहणीतून ठरलेले असते, त्या प्रमाणात प्रत्येक वस्तूला भार दिला जातो. 2012च्या मालिकेतले भार 2011-12च्या खर्च-पाहणीवर बेतलेले होते. त्यात शंभरातले जवळजवळ 46 खाण्यापिण्याला होते, आणि त्यांतले दुधाला व दुधाच्या पदार्थांना साडेसहाच्या आसपास. फेब्रुवारी 2026 पासून 2024 हे पायाभूत वर्ष धरून नवी मालिका आली आणि तिच्यात भार बदलले. भार जुने असोत की नवे, ते साऱ्या देशाच्या सरासरीचे आहेत. त्या सरासरीचे कुटुंब कुठेच राहत नाही.

आता ती खाच. वर्षभराची बिले काढून बसणारा माणूस पहिल्यांदा बेरजा करतो. गेल्या वर्षी वाणसामानावर इतके गेले, यंदा तितके गेले, म्हणजे महागाई अमुक टक्के. हा महागाईचा दर नव्हे, ही खर्चातली वाढ आहे. मुलगी दहावीला आली म्हणून दूध अर्धा लिटर वाढले, उन्हाळ्यात एसी जास्त चालला, सासूबाई चार महिने राहून गेल्या, हे सगळे त्या बेरजेत मिसळलेले असते. महागाई मोजायची तर वापर जागच्या जागी ठेवून फक्त भाव हलवायचा. म्हणजे प्रश्न असा विचारायचा: वर्षभरात घरात जेवढे लागले, तेवढेच सामान वर्षापूर्वीच्या भावाने कितीला पडले असते आणि आजच्या भावाने कितीला पडेल?

त्यासाठी प्रत्येक वस्तूचे तीन आकडे लागतात. वर्षभरात किती घेतली, गेल्या ऑक्टोबरात काय भावाने घेतली आणि या ऑक्टोबरात काय भावाने. महिना तोच हवा. ऑक्टोबरच्या कांद्याची तुलना मार्चच्या कांद्याशी केली तर तुम्ही महागाई मोजत नसून हंगाम मोजत असता. म्हणून बिले बारा महिन्यांची नव्हे, तेरा महिन्यांची लागतात.

मुंबईतल्या चौघांच्या एका घराचा नमुना घेऊ. यातला गॅसचा भाव खरा आहे. बाकीचे भाव हिशेब सोपा जावा म्हणून मी गोल धरले आहेत, पण डाळ-कांदा उतरणे आणि तेल-नारळ चढणे हे त्या वर्षाचेच चित्र आहे. या घराला वर्षाला 540 लिटर दूध लागते, ते 56 रुपयांवरून 58 वर गेले. 36 लिटर गोडे तेल, 140 वरून 165. 24 किलो तूरडाळ, 180 वरून 125. 60 किलो कांदा, 55 वरून 25. तांदूळ 60 किलो आणि गहू 120 किलो, दोन्ही किलोमागे दोन रुपयांनी महाग होऊन 62चे 64 आणि 38चे 40. घर मूळचे कोकणातले, त्यामुळे वर्षाला शंभर नारळ, 30चा 45ला. आठ सिलिंडर, 802.50 चे 852.50. विजेचे महिन्याचे बिल तेवढ्याच युनिटला 1,900 होते आणि 1,900च राहिले.

प्रत्येक वस्तूचे वर्षभराचे प्रमाण गुणिले भाव, अशी बेरीज केली की जुन्या भावाने हे सामान 83,400 रुपयांना पडते आणि नव्या भावाने 84,520 रुपयांना. फरक 1,120 रुपये, म्हणजे 1.3 टक्के. स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात प्रमाण, C मध्ये जुना भाव आणि D मध्ये नवा भाव भरला, तर नऊ ओळींचे उत्तर एका सूत्रात मिळते:

```
=SUMPRODUCT(B2:B10,D2:D10)/SUMPRODUCT(B2:B10,C2:C10)-1
```

हे 1.3 टक्के कुठून आले, हे पाहण्यात खरी गंमत आहे. तेल 18 टक्क्यांनी महागले म्हणून ते डोळ्यांत खुपते, पण वर्षाला त्याचा बोजा 900 रुपयांनीच वाढला. दूध चार टक्क्यांहूनही कमी चढले, त्याबद्दल घरात कोणी ब्र काढला नाही. त्याचे मात्र 1,080 रुपये जास्त गेले, कारण या टोपलीतला एक तृतीयांशाहून अधिक पैसा दुधातच आहे. उलट बाजूला कांद्याने 1,800 आणि डाळीने 1,320 रुपये वाचवले. ती बचत कोणाच्या लक्षात राहत नाही. भाव चढला की आपण दुकानदाराला बोलतो, उतरला की मुकाट्याने पिशवी भरतो.

आता याच इमारतीतले, याच दुकानातून याच भावाने खरेदी करणारे, पण कांदा न खाणारे जैन कुटुंब घ्या. बाकी सगळे तेच ठेवून टोपलीतून फक्त कांदा काढला, तर जुनी बेरीज 80,100 आणि नवी 83,020 होते. महागाई 3.6 टक्के. खर्चाच्या अवघ्या चार टक्के असलेली एक वस्तू नाही, एवढ्यावरून दर जवळजवळ तिप्पट झाला. सरकारी सरासरीपेक्षा आपले घर वेगळे का पडते, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते. भाव सगळ्यांना तेच असतात, भार आपापले असतात.

पावत्यांवरून भाव उतरवताना काही ठिकाणी हमखास चूक होते. छापील किंमत घेऊ नका, प्रत्यक्ष दिलेली घ्या; सवलत गेली की भाव वाढतो, छापील किंमत तीच असली तरी. पाकिटाचा भाव नव्हे, ग्रॅमचा भाव उतरवा. दहा रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षे दहाचाच राहतो, आतला माल कमी होतो. पाकिटावर प्रतिग्रॅम किंवा प्रतिमिलिलिटर भाव छापलेला असेल तर काम सोपे होते. उलट दिशेचीही उदाहरणे आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटे यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. तेव्हा सप्टेंबरच्या सुरुवातीची पावती आणि ऑक्टोबरची पावती यांत कर बदलल्यानेही फरक पडलेला असेल. कांदा-टोमॅटोसारख्या वस्तूंचा एकाच दिवसाचा भाव धरू नये. महिन्यातल्या तीन-चार खरेद्यांची सरासरी घ्यावी. भाजीवाला पावती देत नाही, तिथे वहीला पर्याय नाही.

विजेचे बिल सगळ्यात फसवे. एकूण रक्कम घेतली तर त्यात मागील थकबाकी असते, कधी सुरक्षा ठेवीची मागणी असते, आणि युनिट तर दर महिन्याला वेगळे असतात. शिवाय दर टप्प्यांचे असतात. शंभर युनिटांच्या पुढे गेलात की पुढच्या युनिटांना चढा दर लागतो. म्हणून एकूण बिलाला युनिटांनी भागून निघणारा दरही दिशाभूल करतो. वापर वाढला तरी तो चढतो, जरी दरपत्रकात काडीचा बदल झालेला नसला. बरोबर रीत अशी: आपल्या घराचे सरासरी मासिक युनिट ठरवा, मग जुन्या बिलावरचे दर आणि नव्या बिलावरचे दर त्याच युनिटांना लावा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क या ओळी धरा, बाकीच्या वगळा. नमुन्यातले 1,900 असेच काढायचे असतात.

उत्तर बरोबर आले का, हे ताडून पाहायला दोन गोष्टी पुरतात. प्रत्येक वस्तूमुळे किती रुपये वाढले किंवा घटले ते लिहून त्यांची बेरीज करा, ती एकूण फरकाशी जुळली पाहिजे. आणि एखाद्या वस्तूचा भाव तीस टक्क्यांहून जास्त हललेला दिसला, तर आधी वजन आणि प्रत तपासा. कोलमऐवजी आंबेमोहोर घेतला असेल तर ती महागाई नव्हे, ती जिभेची आवड. आपल्या नमुन्यात कांदा, नारळ आणि तूरडाळ या कसोटीत अडकतात, आणि तपासल्यावर खरे ठरतात.

या 1.3 टक्क्यांची तुलना मात्र जपून करायला हवी. आपल्या टोपलीत घरभाडे नाही, शाळेची फी नाही, डॉक्टर नाही, रेल्वेचा पास नाही, सरकारी 0.25 मध्ये हे सारे आहे. वाणसामान आणि वीज-गॅस एवढ्याच आकड्यावरून पगारवाढ मागायला जाऊ नये. नोकरदारांनी हेही ध्यानात ठेवावे की केंद्र सरकारचा महागाई भत्ता या आकड्यावर ठरतच नाही. तो औद्योगिक कामगारांसाठीच्या वेगळ्या निर्देशांकावर ठरतो आणि त्याचे पायाभूत वर्षही वेगळे, 2016 आहे. तेव्हा टीव्हीवरच्या दराशी भत्त्याचा मेळ बसत नाही म्हणून चिडण्यात अर्थ नाही.

आणि दर कमी म्हणजे वस्तू स्वस्त, असेही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये हाच सरकारी दर 6.21 टक्के होता. पुढच्या वर्षीचे 0.25 त्या चढलेल्या भावांवर मोजलेले आहेत. आपला कांदा 55 वरून 25 वर आला, कारण आधीचे वर्ष कांद्याला भलतेच महाग गेले होते. पुढच्या ऑक्टोबरात तो 25चा 35 झाला, तर त्या वर्षीच्या हिशेबात 40 टक्के वाढ दिसेल आणि तरीही तो 2024 पेक्षा स्वस्तच असेल. एका वर्षाचा दर एवढेच सांगतो. दोन-तीन वर्षांचे भाव शेजारी मांडले, तरच घराचा कल कळतो.

सुरुवात करायची तर तीस-चाळीस वस्तूंचा घाट घालू नका. ज्या दहा वस्तूंवर सर्वांत जास्त पैसा जातो त्या निवडा, मीठ-मोहरी सोडून द्या. आणि दुकानातल्या यंत्राच्या पावत्यांवरची अक्षरे काही महिन्यांतच उडतात, तेव्हा पावती घरी आणल्या दिवशीच तिचा फोटो काढून ठेवा.