इंटिग्रेटिंग फॅक्टर आकाशातून पडत नाही

बारावीच्या वहीत पहिल्या क्रमाचं रेषीय अवकल समीकरण आलं की पुढची ओळ ठरलेली असते: आय. एफ. म्हणजे e चा ∫P dx इतका घात, आणि त्याखाली चौकटीतलं सूत्र. त्यातून असा समज पक्का होतो की हा गुणक म्हणजे कुणा हुशार माणसाला सुचलेली युक्ती आहे. ती चालते, म्हणून वापरायची. खरं तर इथे सुचण्यासारखं फारसं काही नाही. y' + P(x)y = Q(x) या समीकरणात अडचण एकच आहे. डाव्या बाजूला y आणि y' दोन्ही आहेत, आणि y माहीतच नसताना P·y चं समाकलन करता येत नाही. पण y आणि y' एकाच ओळीत शेजारी येतात असं एक ठिकाण आपल्याला आधीपासून माहीत आहे: गुणाकाराचा नियम.

```
(μy)' = μy' + μ'y
```

आता मूळ समीकरणाला अजून न ठरवलेल्या μ ने गुणलं, तर डावीकडे μy' + μPy मिळतं. नियमाशी ताडून पाहा. पहिलं पद आपोआप जुळलं. दुसरं जुळायला μ' = Pμ एवढंच हवं. म्हणजे ज्याचा अवकलज स्वतःच्याच P पट आहे असं फलन हवं, आणि A हे P चं समाकलन असेल तर साखळी नियमानुसार e^A हे तसं फलन आहे. घातांक आला तो या एका मागणीमुळे. ती पुरी झाली की डावी बाजू (μy)' होते, उजवीकडे μQ राहतं, आणि त्यात y नसल्यामुळे समाकलनाची वाट मोकळी होते. गुणाकाराचा नियम कितीही साधा वाटला तरी खुद्द लायब्निट्सने 1675च्या टिपणांत गुणाकाराचा अवकलज म्हणजे अवकलजांचा गुणाकार असेल का, हे तपासून पाहिलं होतं. तसं असतं तर मधली बेरीज नसती, आणि बेरीज नसती तर ही पद्धतही नसती.

यावर चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, हा तर चक्रव्यूह झाला: एक अवकल समीकरण सोडवायला दुसरं अवकल समीकरण, μ' = Pμ, सोडवावं लागलं. आक्षेप रास्त आहे, पण दुसरं समीकरण पहिल्यापेक्षा बरंच सोपं आहे. त्याच्या उजव्या बाजूला Q नाही, त्यामुळे चलं वेगळी करता येतात. शिवाय आपल्याला त्याची सगळी उत्तरं नकोत, शून्य न होणारं एक उत्तर पुरे. म्हणूनच घातांकातल्या समाकलनाला स्थिरांक जोडला नाही तरी चालतं. तो जोडला तर μ ला फक्त एखाद्या शून्येतर संख्येने गुणलं जाईल, आणि ती संख्या समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी निघून जाईल. मात्र इथूनच दुसरा गैरसमज डोकावतो: इथला स्थिरांक बिनमहत्त्वाचा, तर शेवटचा C सुद्धा उत्तराच्या टोकाला चिकटवला की झालं.

तो गैरसमज किती महागात पडतो ते टाकीच्या उदाहरणात दिसतं. टाकीत 100 लिटर गोडं पाणी आहे. दर मिनिटाला 3 लिटर खारं पाणी आत येतं, त्यात लिटरमागे 10 ग्रॅम मीठ. टाकी सतत ढवळली जाते आणि मिनिटाला 2 लिटर मिश्रण बाहेर जातं. t मिनिटांनी टाकीत 100 + t लिटर पाणी असतं. त्यातलं मीठ m ग्रॅम धरलं, तर आत येणारं मीठ मिनिटाला 30 ग्रॅम आणि बाहेर जाणारं 2m/(100 + t) ग्रॅम.

```
m' + 2m/(100 + t) = 30
μ = (100 + t)²
((100 + t)² m)' = 30(100 + t)²
(100 + t)² m = 10(100 + t)³ + C
```

इथे μ मध्ये e दिसतही नाही, कारण 2/(100 + t) चं समाकलन 2 ln(100 + t) आहे आणि e ने लॉगरिदम गिळून टाकला. गुणक म्हणजे दरवेळी e^(kt) सारखं काहीतरी, असं मानणारा इथे अडखळतो. सुरुवातीला m = 0, म्हणून C = −10⁷. भागाकार केल्यावर m = 10(100 + t) − 10⁷/(100 + t)². शंभर मिनिटांनी 2000 − 250, म्हणजे 1750 ग्रॅम. 200 लिटरमध्ये लिटरमागे 8.75 ग्रॅम. आत येणाऱ्या पाण्यापेक्षा थोडं कमी खारं, हे पटण्यासारखं आहे. आता C आधी विसरून शेवटी जोडला तर m = 10(100 + t) + C, C = −1000, म्हणून m = 10t. हे उत्तर दिसायला सुबक आहे, आणि t = 0 ला मीठही शून्यच दाखवतं. पण त्याप्रमाणे मीठ पहिल्या क्षणापासून मिनिटाला 10 ग्रॅमने वाढतं. त्या क्षणी टाकीत मीठच नाही, तेव्हा बाहेर काही जात नाही आणि वाढ 30 ग्रॅमच असायला हवी. सुरुवातीच्या किमतीची परीक्षा चुकीचं उत्तरही पास होतं. चूक पकडायची तर उत्तर मूळ समीकरणात घालूनच पाहावं लागतं.

C ला μ ने का भागायचं, याचं कारणही टाकीतच आहे. आत येणारं पाणी गोडं असतं तर टाकीतलं मीठ 1/(100 + t)² या प्रमाणात धुऊन गेलं असतं. μ हे नेमकं त्याचं उलट. m ला μ ने गुणणं म्हणजे धुऊन जाण्याचा हिशेब आधीच भरून काढणं. मग μm बदलतं ते फक्त नव्याने आलेल्या मिठामुळे. C हा सुरुवातीच्या साठ्याशी बांधलेला असतो, आणि त्याचा परिणामही इतर मिठासारखाच काळाबरोबर धुतला जायला हवा.

समीकरणाला मधूनच कशाने तरी गुणलं तर खोटी उत्तरं घुसतील किंवा खरी निसटतील, अशीही शंका काढली जाते. शून्याने गुणलं तर ती खरी ठरेल. e^A कधीच शून्य होत नाही, त्यामुळे प्रत्येक पायरी उलटी चालता येते. म्हणून या पद्धतीने मिळतात ती सगळी उत्तरं, आणि एक सुरुवातीची किंमत दिली की उत्तर एकच. पण P जिथे सलग आहे तेवढ्याच अंतरालात. xy' + 2y = x मध्ये आधी x ने भागावं लागतं (न भागता P = 2 घेणं ही परीक्षेतली नेहमीची चूक), आणि भागलं की x = 0 बाहेर पडतो. मग शून्याच्या डावीकडचा C आणि उजवीकडचा C एकच असला पाहिजे, असं काही उरत नाही.

शेवटचं समाकलन जमलं नाही की पद्धत फसली, असंही मानतात. y' − 2xy = 1 मध्ये μ = e^(−x²), आणि त्याचं समाकलन नेहमीच्या फलनांत लिहिता येत नाही. पण अवकल समीकरण तिथे सुटलेलं आहे. उरलेलं समाकलन हवं तितक्या अचूकपणे संख्यांत काढता येतं. पद्धत खरोखर थांबते ती y' + Py = Qy² सारख्या समीकरणापाशी. तिथेही μ मिळतो, डावी बाजू (μy)' होते, पण उजवीकडे y² शिल्लक राहतो आणि समाकलन अडतं. अशा समीकरणांचा प्रश्न याकोब बर्नुलीने 1695 मध्ये मांडला. त्यावर वाट अशी की v = 1/y घ्यायचं. मग v' − Pv = −Q असं रेषीय समीकरण समोर येतं, आणि त्याचा गुणक पुन्हा त्याच मागणीतून निघतो; फक्त P चं चिन्ह बदललेलं असतं.