पुलंचा परिपक्वता अंक: एक, सहा की चार?

अंकशास्त्राच्या नादाने निदान एकदा तरी आपल्या जन्मतारखेची बेरीज केली नाही, असा माणूस मिळणं कठीण. मूलांक आणि भाग्यांक हे शब्द तर आता दिवाळी अंकांतल्या राशिभविष्यामुळे घरोघरी पोचले आहेत. त्यामानाने परिपक्वता अंक, म्हणजेच मॅच्युरिटी नंबर, आपल्याकडे उशिरा आला. पन्नाशीच्या आसपासच्या लोकांना मात्र तो चटकन ओढून घेतो, कारण तो भविष्य सांगतो ते आयुष्याच्या उत्तरार्धाचं. मुलं मोठी झाली, नोकरीतली धावपळ ओसरली, आता आपल्यातून कोणता माणूस बाहेर येणार, या प्रश्नाचं उत्तर हा अंक देतो, असं त्याचे जाणकार सांगतात.

हा अंक दोन अंकांच्या बेरजेतून मिळतो. पहिला भाग्यांक, म्हणजे संपूर्ण जन्मतारखेची बेरीज. दुसरा नामांक, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदवलेल्या पूर्ण नावातल्या अक्षरांची बेरीज. भाग्यांक म्हणजे माणसाला मिळालेली वाट आणि नामांक म्हणजे ती चालण्यासाठी त्याच्यापाशी असलेलं बळ. अर्धं आयुष्य या दोघांची ओढाताण चालते आणि मग दोन्ही एकत्र येऊन तिसराच सूर लागतो, अशी यामागची कल्पना आहे. हा सूर नेमका केव्हा लागतो, यावर मात्र एकमत नाही. कोणी पस्तिशी धरतात, कोणी पंचेचाळीस, तर कोणी थेट पन्नाशी.

आकडेमोड कशी होते, हे पाहायला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं एक नाव घेऊ: पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, जन्म ८ नोव्हेंबर १९१९.

तारखेचे सगळे आकडे मिळवले, तर ८, १, १, १, ९, १ आणि ९ यांचे होतात ३०, म्हणजे ३. पुलंचा भाग्यांक तीन. अंकशास्त्राच्या पुस्तकांत तीन हा वाणीचा, विनोदाचा आणि रंगमंचाचा अंक मानतात. इथे वाचक चमकून उठतो, आणि ते साहजिकच आहे.

आता नाव. पाश्चात्त्य पद्धतीत रोमन लिपीतल्या अक्षरांना क्रमाने १ ते ९ आकडे देतात. ए ला १, बी ला २, असं करत आय ला ९, आणि जे पासून पुन्हा १. या कोष्टकाला पायथागोरसचं नाव चिकटलेलं आहे, पण पायथागोरस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला ग्रीक. जे, यू आणि डब्ल्यू ही अक्षरं रोमन लिपीत स्वतंत्र झाली ती त्यानंतर कित्येक शतकांनी. आज चालते ती पद्धत मुख्यतः विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत घडली. एल. डाऊ बॅलिएट या लेखिकेचा तिच्या प्रसारात मोठा वाटा आहे.

या कोष्टकाने ‘पुरुषोत्तम’ची बेरीज ४६ येते, म्हणजे १. ‘देशपांडे’ची ४०, म्हणजे ४. अडचण येते ती वडिलांच्या नावापाशी. ‘लक्ष्मण’ इंग्रजीत एक्स घालून लिहिलं, तर एल ३, ए १, एक्स ६, एम ४, ए १, एन ५, असे एकूण २० होतात, म्हणजे २. तेच नाव के, एस, एच घालून लिहिलं, तर बेरीज होते २५, म्हणजे ७. पहिल्या लिखाणाने पुलंचा नामांक सात येतो, दुसऱ्याने तीन. भाग्यांकाचे तीन मिळवल्यावर परिपक्वता अंक पहिल्या हिशेबात एक, तर दुसऱ्यात सहा.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. आपल्याकडचे अनेक अंकशास्त्री कीरोच्या पुस्तकांतलं कोष्टक वापरतात. त्यात कुठल्याच अक्षराला ९ दिलेला नाही, आणि बरीच अक्षरं वेगळ्या आकड्यांखाली जातात. त्या कोष्टकाने, एक्स घालूनच लिहिलेल्या नावाची बेरीज १०९ येते, म्हणजे नामांक एक आणि परिपक्वता अंक चार.

एक हा स्वतंत्र बाण्याचा, एकट्याने उभं राहण्याचा अंक. सहा हा जबाबदारीचा, दुसऱ्याला आधार देण्याचा. चार हा शिस्तीचा, संस्थेचा पाया घालण्याचा. मग पुलंच्या उत्तरायुष्यात यांपैकी काय दिसतं? १९७७च्या निवडणुकीत आणीबाणीच्या विरोधात त्यांनी जाहीर सभा गाजवल्या, तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. हा झाला एक. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते पुलं आणि सुनीताबाईंनी दिलेल्या मोठ्या देणगीच्या बळावर. हा झाला सहा. मुंबईच्या एनसीपीएत त्यांनी केलेलं काम आठवलं, तर चारही बसतो.

या शास्त्राचं खरं दुखणं इथे आहे. अंक चुकला म्हणून कोणी ओरडत नाही, कारण पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही भरल्या आयुष्यात बाणा, जबाबदारी आणि शिस्त या तिन्हींचे दाखले सापडतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं ‘स्वतंत्र’ स्वभाववर्णन वाटलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी चाराच्या वर गेली. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हाती एकच मजकूर होता.

ज्याला स्वतः पडताळायचं असेल, त्याने नऊ अंकांची वर्णनं नऊ चिठ्ठ्यांवर आकडा न घालता लिहावीत आणि आपल्याला चांगलं ओळखणाऱ्या माणसाला त्यातली एक निवडायला सांगावी. आधी आकडा कळला, की मन पुरावे गोळा करू लागतं. आकडा झाकला, की हे बळ निघून जातं. मात्र नुसत्या योगायोगानेही नवांत एकदा बरोबर चिठ्ठी उचलली जाणारच, तेव्हा एका माणसाच्या यशावरून काही ठरवू नये. अशी दहा-वीस माणसं घेतली, तरच काही बोलता येईल.

नावाच्या इंग्रजी लिखाणात एखादं ए किंवा टी वाढवून पुढचं आयुष्य सुधारून देतो, असं सांगत कोणी पैसे मागितले, तर त्याला त्याच्याच पद्धतीतला नियम दाखवावा. परिपक्वता अंकासाठी धरायचं ते जन्मनाव. लग्नानंतरचं किंवा मागाहून बदललेलं नाव फार तर दुय्यम प्रभावाचं मानलं जातं. सुनीताबाईंचा अंक काढायचा, तर ‘देशपांडे’ नव्हे, माहेरचं ‘ठाकूर’ धरावं लागतं. साठाव्या वर्षी पाटीवर वाढवलेल्या अक्षराने ही बेरीज हलत नाही.