परताव्याला जोखमीने भागून पाहा

म्युच्युअल फंडांच्या यादीत सगळ्यात वर कोण, हे बहुतेक वेळा एकाच आकड्यावर ठरतं: पाच वर्षांचा परतावा. तो मिळवताना फंड किती हेलकावे खात होता, हे त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून दोन काल्पनिक योजना घेऊन हिशेब करून पाहू.

पहिली स्मॉल कॅप योजना. तिचे पाच वर्षांचे परतावे असे: ४८ टक्के, उणे २२, ३६, उणे १० आणि ३३. दुसरी हायब्रिड, म्हणजे शेअर आणि रोखे यांची मिसळ असलेली. तिचे परतावे १८, ४, २०, ६ आणि १७ टक्के. सरासरी काढली तर पहिलीची १७ टक्के येते, दुसरीची १३. नुसता परतावा बघणारा माणूस पहिलीच निवडेल.

पण प्रत्यक्षात हातात काय आलं? पहिलीत टाकलेल्या १ लाखाचे पाच वर्षांनी सुमारे १ लाख ८८ हजार झाले, दुसरीत सुमारे १ लाख ८३ हजार. सरासरीत चार टक्क्यांचा फरक असूनही हाती आलेल्या रकमेत पाच-साडेपाच हजारांचाच फरक उरला. कारण १०० रुपये २२ टक्क्यांनी पडून ७८ झाले, की पुन्हा १०० वर यायला २८ टक्के चढावं लागतं. मोठी घसरण चक्रवाढीची गती अशी खाऊन टाकते.

आता जोखीम मोजू. दर वर्षाचा परतावा सरासरीपासून किती लांब गेला ते काढायचं, त्याचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवून चाराने भागायचं (वर्षं पाच, त्यातून एक वजा) आणि वर्गमूळ घ्यायचं. हे प्रमाण विचलन. पहिलीचं येतं जवळपास ३०.९ टक्के, दुसरीचं ७.४ टक्के.

विल्यम शार्प यांनी १९६६ मध्ये फंडांची तुलना करण्यासाठी हेच माप वापरलं. त्यांनी आधी एक वजाबाकी केली. सरकारी ट्रेझरी बिलात पैसे ठेवून जे जवळजवळ बिनधोक मिळतं, त्याचं श्रेय फंड मॅनेजरला कशाला द्यायचं? हा दर आपण ६.५ टक्के धरू. मग पहिलीचा जादा परतावा १०.५ आणि दुसरीचा ६.५ टक्के. हे त्या त्या प्रमाण विचलनाने भागले, की पहिलीचा शार्प रेशो ०.३४ येतो आणि दुसरीचा ०.८८. क्रम उलटला.

‘मला ०.८८ नको, पैसे हवेत,’ असं कुणी म्हणेल, आणि ते रास्तच आहे. म्हणून हाच हिशेब रुपयांत करू. पहिली योजना घेऊन दुसरीइतकीच जोखीम पत्करायची असेल, तर १ लाखातले २४ हजारच तीत टाकता येतील. उरलेले ७६ हजार ट्रेझरी बिलात. सरासरीने २४ हजारांवर १७ टक्क्यांनी ४,०८० आणि ७६ हजारांवर ६.५ टक्क्यांनी ४,९४०, मिळून वर्षाला ९,०२० रुपये. तेवढ्याच जोखमीत दुसरी योजना सरासरी १३,००० देते. रेशोचा खरा अर्थ हा आहे: सारख्या हेलकाव्यात कोण जास्त देतं.

या मापाला मर्यादाही आहेत. दोन्ही योजना ट्रेझरी बिलापेक्षा कमी देत असतील तर रेशो उणे होतो आणि निकाल भलताच लागतो. समजा दोघींनी २.५ टक्केच दिले. एकीचं विचलन २०, दुसरीचं ८. मग रेशो उणे ०.२ आणि उणे ०.५. जास्त हेलकावणारी योजनाच सरस दिसते! उणे रेशो दिसला, की तो क्रमवारीसाठी वापरू नये.

दुसरी अडचण जास्त घातक. हे माप फक्त झालेले हेलकावे पाहतं, दडलेली जोखीम त्याला दिसत नाही. कमी पतमानांकनाचे रोखे बाजारात क्वचितच विकले जातात, त्यामुळे त्यांचा भाव रोज फारसा हलत नाही आणि अशा योजनेची एनएव्ही संथ चढत राहते. विचलन कमी, रेशो देखणा. फ्रँकलिन टेंपलटनने २३ एप्रिल २०२० ला भारतातल्या सहा डेट योजना बंद केल्या, तेव्हा पैसे काढण्याची वाटच बंद झाली. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण गरजेच्या वेळी ते अडकून पडले. पैसे अडकण्याची ही जोखीम प्रमाण विचलनात उतरत नाही. म्हणून डेट फंडात रेशोआधी पोर्टफोलिओतल्या रोख्यांचं पतमानांकन वाचावं.

फंड कंपनीच्या मासिक फॅक्टशीटमध्ये प्रमाण विचलन आणि शार्प रेशो छापलेले असतात, बहुधा मागच्या तीन वर्षांच्या मासिक परताव्यांवरून काढलेले. बिनधोक दर कोणता धरला, तेही खाली बारीक अक्षरात असतं. दोन फंडांची तुलना करताना महिना आणि हा दर दोन्हीकडे एकच आहे ना, एवढं आधी तपासा.