घाटातल्या वळणाचा स्वतःचा वेग

घाटातल्या प्रत्येक कललेल्या वळणाला स्वतःचा असा एक वेग असतो. त्या वेगाने गाडी गेली, तर टायर आणि रस्ता यांच्यात आडवी ओढाताण उरतच नाही. रस्त्यावर साबणाचं पाणी सांडलेलं असलं तरी गाडी घसरल्याशिवाय वळते! हा वेग कुठल्याही पाटीवर लिहिलेला नसतो. वळण बांधतानाच तो त्याच्या आकारात उतरलेला असतो.

एक वळण घेऊन तो शोधून काढू. वळणाची त्रिज्या ६० मीटर धरू आणि आडवा उतार १० टक्के, म्हणजे दर १० मीटर रुंदीला १ मीटर चढ. रस्ता ७ मीटर रुंद असेल तर त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा ७० सेंटिमीटर उंच असते. थेट दरीकडे किंवा डोंगराकडे पाहत गेलं तर हे लक्षातही येत नाही, पण वळणावर उतरून आडवं चालून पाहिलं तर पोटऱ्यांना जाणवतं. कोनात मोजलं तर हा कल जेमतेम पावणेसहा अंशांचा आहे.

एवढासा कल गाडीला वळवतो कसा? रस्ता गाडीला नेहमी आपल्या पृष्ठभागाशी काटकोनात रेटतो. सपाट रस्त्यावर हा रेटा सरळ वर असतो आणि सगळा गाडीचं वजन पेलण्यात खर्च होतो. रस्ता कलला की रेटाही वळणाच्या आतल्या बाजूला कलतो. मग त्याचा मोठा हिस्सा वजन पेलतो आणि छोटा हिस्सा गाडीला वळणाच्या केंद्राकडे ढकलतो. १० टक्के उतारावर हा आडवा हिस्सा उभ्या हिश्शाच्या बरोबर एक दशांश असतो. वर्तुळात फिरायला जेवढा आडवा जोर लागतो तेवढाच तो भरला, की घर्षणाची गरज संपते. हा हिशेब एका ओळीत मावतो:

v = √(r g tanθ)

इथे r म्हणजे त्रिज्या, g म्हणजे ९.८१ आणि tanθ म्हणजे आपला ०.१० उतार. उत्तर येतं सेकंदाला ७.७ मीटर, म्हणजे ताशी साधारण २८ किलोमीटर. या सूत्रात गाडीचं वजन कुठेच नाही. जड गाडीला वळवायला जास्त जोर लागतो हे खरं, पण ती रस्त्यावर जितकी जास्त दाबते तितकाच जास्त रेटा रस्ता तिला परत देतो. त्यामुळे स्कूटर असो की मालाने भरलेला ट्रक, या वळणाचा वेग दोघांनाही एकच!

हा वेग गाडीत बसल्या बसल्या ओळखता येतो. मागच्या सीटवर बसलेल्याने अर्धी भरलेली पाण्याची बाटली हातात धरावी, बूड गाडीच्या तळाला समांतर ठेवून. वेग २८च्या खाली असेल तर पाणी वळणाच्या आतल्या बाजूला चढलेलं दिसेल आणि वेग वाढला तर बाहेरच्या बाजूला. बरोबर २८ला, गाडी तिरकी असूनही, पाण्याची पातळी बाटलीच्या बुडाला समांतर राहते. अंगालाही तेच कळतं. शरीर तेव्हा कुठल्याच बाजूला झुकत नाही.

पण सगळी वाहनं एकाच वेगाने कशी जाणार? इथून पुढे घर्षण कामाला येतं आणि ते गरजेप्रमाणे आपली दिशा बदलतं. गाडी २८पेक्षा हळू असेल तर ती उतारावरून आत घसरू पाहते, तेव्हा घर्षण तिला बाहेरच्या, वरच्या कडेकडे धरून ठेवतं. वेग २८च्या पुढे गेला की ती बाहेर सरकू पाहते आणि तेच घर्षण तिला आत ओढतं. म्हणून एका वेगाच्या जागी सुरक्षित वेगांचा एक पट्टा मिळतो. घर्षण गुणांक μ धरला तर त्याची दोन टोकं अशी:

v_max = √( r g (tanθ + μ) / (1 − μ tanθ) )
v_min = √( r g (tanθ − μ) / (1 + μ tanθ) )

कोरड्या डांबरावर चांगल्या टायरसाठी μ सुमारे ०.७ धरला तर वरचं टोक ताशी ८१ किलोमीटरवर जातं. पावसात तो ०.४पर्यंत उतरला तर ६३वर येतं. दोन्ही वेळा खालचं टोक नसतंच, कारण μ उतारापेक्षा मोठा आहे. गाडी वळणावर थांबली तरी आत घसरत नाही.

आता तेच वळण हिमालयात नेऊ. वितळू लागलेल्या बर्फावर μ ०.०५पर्यंत पडू शकतो, म्हणजे उताराच्या निम्मा. आता पट्टा ताशी १९.५ ते ३४ एवढाच उरतो. ३४च्या पुढे गाडी बाहेर जाईल हे कुणालाही पटेल, पण १९.५च्या खाली ती आत घसरेल आणि उभी केली तर उभ्या उभ्या घसरेल! म्हणूनच इंडियन रोड्स काँग्रेसने डोंगराळ रस्त्यांना १० टक्क्यांपर्यंत उताराची मुभा दिली आहे, पण जिथे बर्फ साचतो तिथे ७ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घट्ट बर्फावर μ ०.१च्या आसपास असतो. तिथे १० टक्के उतार अगदी काठावर येतो, ७ टक्के थोडी जागा ठेवतो.

रस्ता आखणारे अभियंते ८१ हा आकडा मुळीच वापरत नाहीत. आपल्या वळणाचा आखणीचा वेग ताशी ४० असेल तर संथ वाहनांचा विचार करून ते आधी त्याच्या तीन चतुर्थांश वेगाला, म्हणजे ३०ला, पुरेल असा उतार काढतात. तो जवळपास १२ टक्के येतो, पण मर्यादा १०ची असल्याने १० टक्केच देतात. मग पूर्ण ४०च्या वेगाला टायरकडून किती मागावं लागेल ते तपासतात. उत्तर येतं ०.११. त्यासाठी परवानगी आहे फक्त ०.१५पर्यंत, म्हणून वळण मंजूर. कोरड्या रस्त्याची उरलेली सगळी पकड पाऊस, तेल, गुळगुळीत टायर आणि वळणात अचानक दाबलेला ब्रेक यांच्यासाठी राखून ठेवलेली असते.

या सूत्रांना एक मोठी मर्यादाही आहे. त्यांनी गाडीला एक ठिपका मानलं आहे, तिची उंची धरलेलीच नाही. चाकांमधलं अंतर २ मीटर आणि भारासकट गुरुत्वमध्यही २ मीटर उंच असलेला ट्रक याच वळणावर ताशी ६९च्या आसपास आतली चाकं उचलतो, म्हणजे ८१ला घसरण्याच्या कितीतरी आधी उलटतो. स्प्रिंगा दबल्या किंवा माल हलला तर त्याहूनही आधी. वजन हिशेबातून निसटतं, उंची निसटत नाही.

म्हणून घाटात वळणाआधी ४०ची पाटी दिसली तर वेग वळणात शिरण्याआधीच कमी करा. पाऊस असेल, गाडी उंच भरलेली असेल किंवा टायर झिजलेले असतील, तर ४०च्याही खाली या.